क्रीडा मंडळाचं कीडा मंडळ होऊ न देता लोगोवरचे स्क्रॅच कसे काढायचे

प्रश्न: बाबांच्या कबड्डी संघाचा 1979 चा ब्लॅक अँड व्हाइट फोटो आहे. पुढे जमिनीवर ठेवलेल्या पाटीवर मंडळाचा गोल लोगो आहे, कडेने अक्षरं, मधे गदा, खाली स्थापनेचं साल. घरच्या फ्लॅटबेड स्कॅनरवर 300 डीपीआयला स्कॅन केला तर लोगोवरून एक एकदम सरळ पांढरी रेघ जाते, शिवाय एक तिरका ओरखडा आहे आणि बारीक ठिपके तर मोजता येणार नाहीत इतके. फोटोशॉपमधलं स्पॉट हीलिंग फिरवलं की अक्षरं वितळल्यासारखी होतात. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत छापायचाय. फोटो आणि लोगोचा क्रॉप सोबत टाकलाय. काय करू?

उत्तर:

तुम्ही टाकलेला क्रॉप झूम करून बघितला. त्यात तीन वेगवेगळी दुखणी आहेत आणि तुम्ही तिघांना एकच औषध देताय, म्हणून अक्षरं वितळतायत. शिवाय त्यातलं एक दुखणं फोटोचं नाहीच आहे, तुमच्या स्कॅनरचं आहे.

ती सरळ पांढरी रेघ नीट बघा. ती फोटोच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते, जाडी कुठेही बदलत नाही, आणि फोटो काचेवर किंचित तिरका ठेवला गेलाय तरी रेघ मात्र स्कॅनच्या कडेला बरोब्बर समांतर आहे. हाताने पडलेला ओरखडा असा कधीच नसतो, तो कुठेतरी सुरू होतो, मधे दाब कमी जास्त होतो, शेवटी निमुळता होतो. ही रेघ कशी येते सांगतो. प्रत्येक स्कॅनच्या आधी स्कॅनर काचेच्या टोकाला, प्लॅस्टिकच्या पट्टीखाली लपवलेला एक पांढरा पट्टा वाचतो आणि त्यावरून सेन्सरचा प्रत्येक पिक्सेल सेट करतो. तिथे काचेवर धुळीचा एखादा कण असला की त्या जागेच्या पिक्सेलला वाटतं की आपल्याला उजेड कमी दिसतोय, मग तो बिचारा पुढचा अख्खा फोटो जरा जास्तच उजळ वाचत जातो, आणि सेन्सर जसा पुढे सरकतो तशी त्याची रेघ ओढली जाते. खात्री करायची तर एक कोरा पांढरा कागद ठेवून स्कॅन करा आणि त्याचा कॉन्ट्रास्ट भरपूर वाढवा, त्याच जागी रेघ दिसेल.

अशी रेघ ब्रशने काढत बसणं म्हणजे चष्म्यावर डाग आहे म्हणून भिंत रंगवण्यासारखं आहे. स्कॅनर बंद करा, मायक्रोफायबर कापडावर थोडा काच साफ करायचा स्प्रे मारा, कापडावरच मारायचा, काचेवर नाही, नाहीतर द्रव कडेने आत झिरपतो, आणि ज्या टोकाला सेन्सरची घरी परतायची जागा असते तिथली काच अगदी कडेपर्यंत पुसा. बहुतेक वेळा रेघ जाते. नाही गेली तर कण काचेच्या आतल्या बाजूने चिकटलाय असं समजा, आणि स्कॅनर उघडायच्या भानगडीत न पडता फोटो काचेवर दोन सेंटिमीटर बाजूला सरकवून परत स्कॅन करा. रेघ काचेच्या संदर्भात तिथेच राहणार, फोटो सरकला की ती लोगोवरून न जाता कुणाच्यातरी हाफ पँटवरून किंवा मागच्या भिंतीवरून जाईल, आणि भिंतीवरची रेघ काढणं हे दोन मिनिटांचं काम आहे. एवढी साधी युक्ती लोकांना सुचत नाही याचं मला आजही नवल वाटतं, मलाही पहिली काही वर्षं सुचली नव्हती हे वेगळं.

परत स्कॅन करतच आहात तर सेटिंग बदला. पाटीवरचा लोगो तुमच्या प्रिंटवर किती मोठा आहे ते पट्टीने मोजा. क्रॉपवरून मला तो साधारण 14 मिलिमीटरचा वाटतोय. 300 डीपीआयला त्याचे फक्त 165 पिक्सेल होतात, 1200 ला 661 होतात. छापायला 165 सुद्धा पुरतील, पण काम करायला नाही, कारण अक्षराचा काना तीन पिक्सेलचा आणि त्यावरचा ओरखडाही दोन पिक्सेलचा असला की तुम्ही कुठे काय धरणार. अख्खा फोटो 600 ला घ्या, लोगोचा तेवढा तुकडा वेगळा 1200 ला घ्या. फोटो ब्लॅक अँड व्हाइट असला तरी स्कॅन कलरमधेच करा, 48 बिट कलर, टिफ फाइल. जुन्या प्रिंटवर पिवळट डाग असतात, ते निळ्या चॅनेलमधे गडद दिसतात आणि लाल चॅनेलमधे जवळपास गायब होतात, म्हणजे नंतर ग्रे करताना नुसता लाल चॅनेल घेतला तरी अर्धी साफसफाई फुकटात होते.

आणि स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमधलं शार्पनिंग आणि डस्ट रिमूव्हल दोन्ही बंद. हे डस्ट रिमूव्हल काय करतं, तर आजूबाजूपेक्षा वेगळा दिसणारा बारीक ठिपका किंवा बारीक रेघ शोधतं आणि पुसून टाकतं. आता आपल्या देवनागरीत बारीक ठिपका म्हणजे काय? अनुस्वार. आणि बारीक तिरकी रेघ म्हणजे? क्र मधला तो रकार. मी एका मंडळाचं असंच काम केलं होतं, डस्ट रिमूव्हल चालू राहिलं, वर घाईत स्पॉट हीलिंग फिरवलं, आणि स्मरणिका छापून आल्यावर एका आजोबांनी भिंग लावून दाखवलं की ‘क्रीडा मंडळ’ चं ‘कीडा मडळ’ झालंय. ते हसत होते, पण मला तोंड लपवायला जागा नव्हती. तेव्हापासून एक सवय लावून घेतली: कामाला बसायच्या आधी लोगोत काय काय लिहिलंय ते कागदावर लिहून काढतो, प्रत्येक अनुस्वार, वेलांटी, रकार मोजून. तुम्हीही लिहा. रोमन लिपीवाल्यांना ही काळजी i आणि j च्या टिंबापुरतीच असते, आपल्याकडे निम्मी लिपीच धूळ आणि ओरखड्यासारखी दिसते. शिरोरेघेचं तर विचारूच नका, आडवी जाणारी धुळीची रेघ आणि शिरोरेघ एकमेकांवर आल्या की कुठली कुठली ते कळत नाही. तुमच्या क्रॉपमधे वरच्या कमानीत नेमकं तेच झालंय, पण ती रेघ आता स्कॅनमधेच जाईल म्हणून तो प्रश्न सुटला.

आता तिरका ओरखडा. याला हात लावायच्या आधी प्रिंट हातात घ्या, कडेला धरून, खिडकीपाशी जा आणि तिरका करून बघा, उजेड पृष्ठभागावरून घसरत जाईल असा. तीन शक्यता आहेत.

पहिली, पृष्ठभाग एकदम गुळगुळीत आहे, चरा कुठेच नाही, तरी चित्रात रेघ आहे. म्हणजे ओरखडा तुमच्या प्रिंटवर नाहीच, तो निगेटिव्हवर होता आणि फोटो छापतानाच आत आला. निगेटिव्हवरचा इमल्शनचा, म्हणजे चित्र धरून ठेवणारा थर खरवडला गेला असेल तर तिथून जास्त उजेड जातो आणि प्रिंटवर काळी रेघ येते, आणि निगेटिव्हवर धूळ किंवा केस बसला असेल तर उलटं, पांढरी. अशा वेळी प्रिंट कितीही साफ करा काही होणार नाही, घरात जुना निगेटिव्ह सापडतो का ते शोधा, कारण धूळ फक्त त्या दिवशीची असेल तर निगेटिव्ह आजही स्वच्छ असू शकतो. फक्त एक सांगून ठेवतो, निगेटिव्ह मिळाला म्हणून स्कॅनरच्या इन्फ्रारेडवाल्या डस्ट क्लिनिंगच्या भरवशावर राहू नका. ते कलर निगेटिव्हवर चांगलं चालतं, पण जुन्या ब्लॅक अँड व्हाइट फिल्ममधली चांदी इन्फ्रारेड अडवते, मग ते चित्रालाच धूळ समजून बसतं.

दुसरी शक्यता, चरा दिसतोय, बोटाला लागेल असा वाटतोय (बोट लावू नका), पण तळाशी चित्राचा काळेपणा शाबूत आहे. म्हणजे नुसतं दबलंय. हा दबलेला चरा स्कॅनमधे दिसतो कारण स्कॅनरचा दिवा एका बाजूने तिरका उजेड टाकतो, चऱ्याची एक भिंत चमकते आणि दुसरी सावलीत जाते. तिसरी शक्यता, तळाशी कागदाचा पांढरा रंगच दिसतोय. म्हणजे इमल्शन निघून गेलंय, तिथे माहिती उरलेलीच नाही.

तुमच्या क्रॉपमधला ओरखडा बघा, गदेच्या दांड्यापाशी तो सलग शुभ्र आहे, पण पुढे क्री च्या वरून जाताना त्याची एक कड पांढरी आणि लगेच शेजारची कड काळपट आहे. माझा अंदाज असा की अर्धा ओरखडा दबलेला आहे आणि अर्धाच खरा गेलेला आहे. दबलेला भाग परत मिळवता येतो, तो रंगवायची गरज नाही.

त्यासाठी एक स्कॅन सरळ ठेवून घ्या आणि दुसरा फोटो 180 अंशात फिरवून, म्हणजे खालची बाजू वर करून. सगळं सेटिंग तेच, एक्स्पोजर ऑटो नको. दुसरा स्कॅन कॉम्प्युटरवर परत सुलटा करा. आता प्रकाश उलट बाजूने आल्यासारखा झाला, त्यामुळे पहिल्यात चऱ्याची जी कड चमकत होती ती दुसऱ्यात सावलीत आहे. दोन्ही एकाच फाइलमधे लेयर करून ठेवा, वरच्याचा ब्लेंड मोड `Difference` करा आणि हळूहळू सरकवा, जुळलं की लोगो जवळपास काळा होतो. अख्खा फोटो जुळवायचा प्रयत्न करू नका, स्कॅनरचा सेन्सर सगळीकडे अगदी एकाच वेगाने सरकत नाही, त्यामुळे एका कोपऱ्यात जुळलं की दुसऱ्यात सुटतं. आपल्याला लोगोपुरतंच जुळवायचंय, तेवढं जुळतं. मग मोड `Darken` करा, म्हणजे दोन्हीपैकी जो पिक्सेल गडद असेल तो दिसेल आणि चमक गळून पडेल. पण हा लेयर सगळीकडे उघडा ठेवू नका, काळा मास्क लावा आणि फक्त चमकणाऱ्या कडेवर पांढऱ्या ब्रशने उघडा, नाहीतर सगळा लोगो थोडा काळवंडतो आणि दोन्ही स्कॅनमधली गडद घाण एकत्र जमा होते. जी काळपट कड उरेल तिच्यासाठी तोच लेयर डुप्लिकेट करून `Lighten` वर ठेवा, मास्क परत काळा भरा आणि तसंच बारीक उघडा. गिंपमधेही हे मोड आहेत, `Darken only` आणि `Lighten only` या नावाने.

एवढं झाल्यावर काय उरतं? खरे गेलेले तुकडे, आणि ठिपके. आता ब्रश हातात घ्या.

ठिपके सगळे सारखे नसतात, लोगोच्या सपाट भागात, म्हणजे पाटीच्या रंगात किंवा अक्षराच्या पोटात जे पडलेत ते स्पॉट हीलिंगने काढा, ब्रश ठिपक्यापेक्षा जेमतेम मोठा, एकेक टिचकी, ब्रश ओढायचा नाही. कडेला टेकलेल्या ठिपक्यांना आत्ता हातच लावू नका. हीलिंग काय करतं ते कळलं की अक्षरं का वितळतात ते कळेल: ते दुसरीकडून टेक्श्चर आणतं आणि त्याचा उजळपणा आजूबाजूशी जुळवतं. सपाट जागी हे वरदान आहे. पण ब्रशच्या एका बाजूला काळं अक्षर आणि दुसऱ्या बाजूला पांढरी पाटी असेल तर ते दोन्हीकडचा रंग आत ओढून घेतं आणि मधे राखाडी धूर तयार होतो. तुमचं वितळणं म्हणजे हा धूर.

म्हणून नियम एकच लक्षात ठेवा, कडा क्लोन स्टॅम्पने, पोट हीलिंगने, आणि कडा आधी. ओरखडा जिथे जिथे अक्षराची किंवा वर्तुळाची कड ओलांडतो तिथे आधी क्लोनने छोटे छोटे पूल बांधा. मग ओरखड्याचे जे तुकडे उरतात ते सगळे पोटात किंवा मोकळ्या जागेत असतात, कडेपासून लांब, आणि तिथे हीलिंग बिनधास्त चालतं.

पूल कसा बांधायचा ते तुमच्या बाहेरच्या वर्तुळावर सांगतो. ओरखडा समजा 0.2 मिलिमीटर रुंद आहे, 1200 डीपीआयला तो नऊ दहा पिक्सेलचा होतो. नवीन रिकामा लेयर घ्या, क्लोन स्टॅम्पला `Sample: Current & Below` ठेवा (गिंपमधे `Sample merged`), म्हणजे मूळ स्कॅन अनटच्ड राहतो. 400 टक्क्यांना झूम करून आधी शाबूत कड बघा, काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत जायला किती पिक्सेल लागतात ते मोजा. अशा जुन्या प्रिंटमधे पाच सहा पिक्सेल सहज लागतात, फोटोतली कड कधीच चाकूने कापल्यासारखी नसते. ब्रश पंधरा पिक्सेलचा, हार्डनेस साठ सत्तर टक्के घ्या. हार्डनेस शून्य ठेवला तर पुलाच्या दोन्ही टोकांना धूर येतो, शंभर ठेवला तर डाकाचा जोड दिसतो. आता सोर्स घ्यायचा तो बरोब्बर कडेवर, त्याच वर्तुळावर ओरखड्यापासून तीसेक पिक्सेल अलीकडे, आणि उमटवायचं तेही बरोब्बर कडेवर. म्हणजे कडेवरची कड कडेवरच पडते.

वर्तुळ आहे म्हणून एक अडचण येते, तीस पिक्सेल पुढे गेल्यावर कड थोडी वळलेली असते. तुमच्या लोगोची त्रिज्या 330 पिक्सेलच्या आसपास, म्हणजे तीस पिक्सेलला साधारण पाच अंश वळण. फोटोशॉपच्या `Clone Source` पॅनेलमधे अँगलला 5 टाका, उलट्या दिशेने काम करताना -5, की तुकडा वळून पडतो. गिंपवाल्यांनी शाबूत कमानीचा तुकडा कॉपी करून रोटेट करावा आणि मास्कने बसवावा, तेवढंच. पाटी जरा मागे कललेली आहे त्यामुळे वर्तुळ खरं म्हणजे अंडाकृती दिसतंय, पण एवढ्याशा अंतराला फरक पडत नाही. लांबून तुकडा आणलात तर मात्र पडेल, वरची कमान खाली बसत नाही.

ज्यांचा हात हलतो त्यांच्यासाठी (माझा हलतो आता) अजून एक आधार. पेन टूलने अक्षराच्या किंवा वर्तुळाच्या शाबूत कडेवरून पाथ काढा, ओरखड्याच्या जागी तो नुसता पुढे न्या, सिलेक्शन करा, फेदर एक पिक्सेल. आता आतलं काम करताना बाहेर काही सांडत नाही, आणि फोटोशॉपचा हीलिंग ब्रश सिलेक्शनच्या बाहेरचा रंग आत ओढत नाही, म्हणजे कडेजवळही तो बऱ्यापैकी शहाण्यासारखा वागतो. सिलेक्शन उलटं केलं की बाहेरचं काम.

आता अक्षरं. क्री च्या वरून ओरखडा जातो तिथे दबलेला भाग दोन स्कॅनमधून परत आला असेल, पण रकाराच्या बुडाशी बहुतेक खरा लॉस आहे. रकार हा आधीच तिरका आणि ओरखडाही त्याच दिशेने तिरका, त्यामुळे इथे ऑटोमॅटिक कुठलंही टूल वापरू नका, ते ओरखड्याबरोबर रकारही घेऊन जाईल आणि तुम्हाला झूममधे कळणारही नाही, कारण नुसता ‘की’ दिसायला अगदी स्वच्छ दिसतो. माहिती आणायची तर याच फोटोतून आणा. पाटीवरच्या नावात अजून कुठे क असेल तर त्याचं पोट घेता येतं, पण रकार तर एकदाच आहे. मग खेळाडूंच्या छातीवरचे लोगो बघा. मागे उभ्या असलेल्यांच्या जर्सीवरचा लोगो लहान आहे, पण बसलेल्यांपैकी डावीकडून दुसऱ्याच्या छातीवर तो बऱ्यापैकी समोरून आलाय. तो अख्ख्या फोटोच्या 600 च्या स्कॅनमधून कॉपी करा, पाटीवरच्या लोगोवर आणा, फ्री ट्रान्सफॉर्मने माप जुळवा, कापडाच्या घडीमुळे वाकडा असेल तर वार्प. तो चिकटवायचा नाहीये. ओपॅसिटी 40 ठेवून फक्त बघायचं की रकार कुठून निघतो आणि कुठे संपतो. रेंदाळलेला असणारच, पण दिशा आणि लांबी सांगतो. मग त्या दिशेवर, पाटीवरच्याच एखाद्या अक्षराच्या तिरक्या फाट्यातून क्लोन करून तुटलेला भाग जोडा. जर्सीवरचा लोगो हा नकाशा, आणि रंग पाटीचाच.

मंडळाचा आजचा लोगो कुणीतरी कोरलड्रॉमधे केलेला असेल, तो तुम्हाला कुणीतरी आग्रहाने देईल आणि म्हणेल हाच बसव ना, पाच मिनिटांचं काम. नका बसवू. एक तर 1979 ची पाटी एखाद्या पेंटरने हाताने रंगवलेली असणार, त्याचा ड आणि आजच्या फॉन्टचा ड वेगळे असणार, कदाचित गदासुद्धा वेगळी. दुसरं म्हणजे तो स्टिकरसारखा दिसतो. का दिसतो, तर तुमच्या फोटोत सगळ्यात गडद काळा 0 नाहीये, फेड होऊन 45-50 वर आलाय, पांढरा 255 नाही 210 च्या आसपास आहे, कडा पाच पिक्सेलच्या मऊ आहेत आणि सगळ्यावर ग्रेन आहे. नवा लोगो या चारही गोष्टीत खोटं बोलतो. अगदीच लोगोचा चतकोर भाग नाहीसा झाला असता तर मी म्हटलं असतं की नव्यातला तेवढाच तुकडा घ्या, लेव्हल्सच्या आउटपुटमधे 48 ते 208 असा दाबा, दोनेक पिक्सेल ब्लर करा, ग्रेन टाका आणि मास्कने बसवा. तुमच्या बाबतीत तशी वेळ नाही.

ग्रेनचं म्हणाल तर क्लोनने आणलेल्या तुकड्यात ग्रेन आपोआप येतो, पण एकाच जागेहून दहा वेळा आणलात तर तोच ग्रेन दहा वेळा दिसतो, पाटीच्या सपाट रंगात गालिच्याच्या नक्षीसारखा. दर दोन तीन टिचक्यांनंतर सोर्स बदला. आणि जिथे हीलिंग जास्त झालंय तिथे पृष्ठभाग मेणासारखा गुळगुळीत होतो, तिथे वरून 50 टक्के ग्रेचा लेयर `Overlay` मोडमधे, त्यात मोनोक्रोमॅटिक नॉइज, मग अर्धा पिक्सेल गॉशियन ब्लर, आणि मास्क करून फक्त तेवढ्याच जागी. नॉइज किती, ते शेजारच्या शाबूत भागाशी 100 टक्के झूमला ताडून ठरवा, आकडा सांगण्यात अर्थ नाही.

तपासायला माझ्या दोन पद्धती आहेत. सगळ्यात वर एक कर्व्ह्ज लेयर तात्पुरता टाकायचा, वेडावाकडा एस, एकदम टोकाचा कॉन्ट्रास्ट. नुसत्या डोळ्याला न दिसणारे धूर, जोड, रिपीट झालेला ग्रेन सगळं उघडं पडतं. दुरुस्त करून तो लेयर काढून टाकायचा. दुसरी, स्मरणिकेत फोटो ज्या मापात छापणार त्याच मापात लेझर प्रिंट काढून कागदावरची ती यादी समोर धरायची आणि घरातल्या दुसऱ्या कुणालातरी लोगो मोठ्याने वाचायला लावायचा. स्वतः वाचू नका, दोन तास त्यात डोकं घालून बसल्यावर आपल्याला जे असायला हवं तेच दिसतं. प्रेसला देताना 1200 वरचा लोगोचा तुकडा 600 च्या मोठ्या फोटोत बरोबर निम्म्याने लहान करून बसवा, म्हणजे जोडताना परत मापाचा घोळ होणार नाही.

राहिलं ते खालचं साल. मला ‘१९७’ स्पष्ट दिसतंय आणि शेवटच्या आकड्याच्या मधोमध ओरखडा गेलाय, वरचं वळण आणि खालची शेपटी उरलीय. आपल्या ३ आणि ६ मधे असा मधला भाग गेला की दोन्ही शक्य वाटतात. सुवर्णमहोत्सव आत्ता आहे म्हणजे ६ असणार असं हिशोबाने म्हणता येईल, पण मंडळाच्या नोंदणीच्या कागदावर साल असेल ते एकदा बघा, काही मंडळं स्थापना आणि नोंदणी वेगवेगळ्या वर्षी धरतात आणि त्यावरून स्मरणिकेच्या संपादकांशी वाद होतो. कागदावर ६ निघाला तरी मी तो आकडा पूर्ण रंगवणार नाही. वरच्या आणि खालच्या उरलेल्या कडा क्लोनने ओरखड्यात दोन तीन पिक्सेल आत नेईन, मधला शुभ्रपणा पाटीच्या रंगाइतका खाली आणीन आणि तिथेच थांबेन. छापल्यावर डोळा तो आकडा स्वतःच पुरा करतो, आणि त्या पेंटरने ६ ची गाठ कशी काढली होती हे आपल्याला माहीत नसताना ती आपल्या हाताने काढायची वेळ येत नाही.